खोली एकच घ्यायच्या आधी हे वाच

सुहास, तू पाठवलेलं बुकिंग पाहिलं. हॉटेल मस्त आहे, स्टेशनपासून चालत जाता येईल इतकं जवळ आहे, सगळं झकास. फक्त ‘दोघांत एक खोली, चार रात्री’ हे वाचून मी जरा थबकलो. फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी घोरतो. आणि ‘सगळेच थोडंफार घोरतात रे’ यातलं ते नाही. बंद दाराच्या पलीकडे, पुढच्या खोलीत ऐकू जातं. आपण इतकी वर्षं ओळखतो, पण एका खोलीत कधी झोपलेलो नाही, त्यामुळे तुला कल्पना असायचं कारण नाही. तुझी झोप किती सावध आहे ते मात्र मला ठाऊक आहे. मागे रात्रीच्या गाडीत समोरच्या माणसाच्या पिशवीच्या चुरचुर आवाजानं तू तीनदा उठला होतास.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी एका सहकाऱ्याबरोबर खोली घेतली होती. पहाटे पाचला मला जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. खाली गेलो तर हा बाबा लॉबीतल्या सोफ्यावर, पायात बूट तसेच, अंगावर आंघोळीचा टॉवेल पांघरून मुटकुळं करून पडलेला. विचारलं तर म्हणाला, ‘खोलीत उकडत होतं.’ खोलीत एसी १८ वर होता. पुढच्या दोन रात्रीही तो काही बोलला नाही, आणि त्यानंतर माझ्याबरोबर दौऱ्यावर कधी आला नाही. मला त्याच्या न झोपण्यापेक्षा न बोलण्याचं जास्त वाईट वाटलं. बोलला असता तर मीच सोफ्यावर गेलो असतो. तुझ्या-माझ्यात असली भीड नको, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता माझं म्हणणं असं. पहिल्या दोन रात्री आणि शेवटची रात्र एकत्र राहून बघू. पण तिसऱ्या रात्री मी वेगळी खोली घेतो, कारण चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला निघायचंय आणि गाडी तू चालवणार आहेस. रात्रभर टक्क जागा राहिलेला माणूस सहा तास गाडी चालवतोय आणि मी शेजारी ताजातवाना बसलोय, हे मला पटत नाही. त्या खोलीचे पैसे मी देणार. यावर वाद घालू नकोस. घोरणारा मी, भुर्दंड माझा. शक्यतो ती खोली तुझ्या भिंतीला लागून नको, दुसऱ्या मजल्यावर मिळाली तर उत्तम. हॉटेलला तसं मीच कळवतो.

आणि कृपा करून आता घेतलेली डबल बेडची खोली बदलून दोन वेगळ्या पलंगांची घे. एकाच गादीवर असलो तर मी कूस बदलली तरी तुला धक्का बसेल, आणि आवाज तर थेट कानात.

मी माझ्या बाजूनं काय काय करणार तेही सांगतो. उताणा झोपलो की माझा आवाज सगळ्यात मोठा असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, वाट अरुंद होते आणि मऊ टाळू नि पडजीभ थरथरायला लागतात, तोच तो आवाज. कुशीवर झोपलो की निम्मं काम होतं. त्यासाठी जुन्या टी-शर्टच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवलाय, उताणा झालो की टोचतो. दिसायला भयंकर आहे, फोटो काढायचा नाही. रात्रीची पिणंबिणं माझ्यासाठी बंद, कारण दारूनं ते स्नायू आणखी ढिले पडतात. नाक चोंदलेलं असलं तर झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारतो.

तुझ्यासाठी फोमचे कानातले बोळे आणतोय, चार जोड. नुसते कानात खुपसले तर उपयोग शून्य. बोटांत वळून सुईसारखे बारीक करायचे, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटानं अर्धा मिनिट दाबून धरायचा. पाकिटावर ३२-३३ डेसिबल वगैरे लिहिलेलं असतं, पण नीट बसला नाही तर त्यातलं निम्मंही पदरात पडत नाही. घोरण्यातली घरघर खालच्या पट्टीतली असते, ती थोडी झिरपतेच. म्हणून पंखा किंवा एसीचा ब्लोअर मोठा ठेवू, त्या एकसुरी आवाजात माझे चढउतार बुडतात. घरी आता एक दिवस बोळे घालून झोपून बघ. काहींना कान भरल्यासारखे वाटतात आणि त्यानंच झोप येत नाही. तसं असेल तर आत्ताच सांग. आणि गजराचं काम माझ्याकडे, कारण बोळ्यांमधून तुला तो ऐकू येईलच असं नाही.

झोपायचं आधी तू. मी अर्धा-पाऊण तास वाचत बसेन, दिवा माझ्याकडचाच लावून. तू एकदा गाढ झोपलास की मग मी आडवा होईन. तरीही जाग आलीच तर उशीचं टोक ओढ, नाव घेऊन हाक मार, नाहीतर सरळ गदागदा हलव. मी कूस बदलतो आणि सकाळी मला काही आठवतही नाही. घरी हे रोज चालतं, मला राग येत नाही. तीनदा उठवूनही फरक नाही पडला तर रिसेप्शनला विचारून मी दुसरीकडे जाईन. तू नाही जायचंस, मी जाणार. बाथटबमध्ये उशी टाकून झोपलेला सापडलास तर मैत्री संपली समज.

एक काम मात्र तुझ्याकडे आहे. मागे मी घरी यंत्र लावून झोपेची तपासणी करून घेतली होती. श्वास अडखळण्याचं प्रमाण तासाला ४ आलं, ५ च्या खाली म्हणजे डॉक्टर म्हणाले ठीक आहे. पण तेव्हापासून माझं वजन ६ किलो वाढलंय, आणि हल्ली दुपारी मीटिंगमध्ये डुलक्या येतात. घरच्यांना माझ्या आवाजाची इतकी सवय झालीय की ते आता ऐकतच नाहीत. तुझे कान नवे आहेत. जाग आलीच आणि घोरणं एकदम थांबून दहा सेकंद किंवा जास्त शुकशुकाट झाला, मग मी गुदमरल्यासारखा धाप टाकून पुन्हा सुरू झालो, असं काही दिसलं तर सकाळी मला नक्की सांग. हे थट्टेतलं नाही. परत आल्यावर मी पुन्हा तपासणी करून घेईन.

हे सगळं वाचून ‘नको बाबा, चारही रात्री वेगळ्याच खोल्या’ असं वाटलं तर तसं लिही. मला अजिबात वाईट वाटणार नाही, तेव्हाही जादाचे पैसे माझेच. बुकिंग फुकटात बदलायची मुदत शुक्रवार दुपारपर्यंत आहे, तेव्हा गुरुवारी रात्रीपर्यंत काय ते कळव.

खाली ४० सेकंदांची क्लिप जोडलीय. परवा रात्री फोन उशाशी ठेवून रेकॉर्ड केली. आधी ती ऐक आणि मग ठरव. हेडफोन लावून ऐक, ऑफिसात स्पीकरवर नको.