नोकरी सोडताना घेतलेल्या मुलाखतीचा सारांश : गुणवत्ता तपासनीस, दुसरी पाळी, मिरजोळे एमआयडीसी, रत्नागिरी

प्रति, कारखाना व्यवस्थापक. (गोपनीय)

मासळी प्रक्रिया विभागातील गुणवत्ता तपासनीस यांनी सहा वर्षांच्या सेवेनंतर राजीनामा दिला असून, त्यांची मुलाखत १८ जून २०२५ रोजी मनुष्यबळ विभागात, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून घेण्यात आली. हा सारांश त्या ध्वनिमुद्रणावरून तयार केला आहे. अवतरणचिन्हांतील शब्द त्यांचे आहेत, बाकी मांडणी माझी आहे. ३१ ते ३४ या मिनिटांत पत्र्यावरच्या पावसामुळे बोलणे ऐकू येत नाही. तिथे अंदाजाने काहीही भरलेले नाही.

राजीनामापत्रात ‘घरगुती कारण’ असे लिहिले आहे आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाही त्यांनी तेच सांगितले. ते खोटे नाही, परंतु नोंदवहीत एवढेच लिहून प्रकरण बंद केले तर त्यांच्यावर अन्याय होईल, कारण पुढच्या अर्ध्या तासात त्या घरगुती अडचणीचा धागा थेट आपल्या पाळीपत्रकापर्यंत येतो. त्यांचे घर भाट्ये पुलाच्या पलीकडे, पावस रस्त्यालगत आहे. रात्री अकराला सुटणाऱ्या पाळीची बस मारुती मंदिरापर्यंतच येते आणि तोवर त्या बाजूची शेवटची एसटी गेलेली असते. आजवर पती मोटरसायकलवरून न्यायला येत. ३१ जुलैला मासेमारी बंदी संपली की ते ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणार आहेत आणि मग चार-पाच दिवस समुद्रातच असतील. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्याने घरातून दुसरे कोणी येऊ शकत नाही. “बस मारुती मंदिराला सोडते, पण माझं घर तिथं नाही. सरांना तीनदा सांगितलं, ते म्हणाले बघू.” पहिल्या पाळीसाठी त्यांनी फेब्रुवारीत लेखी अर्ज केला होता. तो अर्ज फाइलमध्ये आहे, त्यावर उत्तर दिल्याची नोंद मात्र नाही. माझ्या मते सोडण्याचे निर्णायक कारण हेच आहे.

दुसरे कारण त्यांनी स्वतःहून काढले नाही; विचारल्यावर सांगितले. वरिष्ठ तपासनीसाची जागा गेल्या वर्षी त्यांच्याहून नंतर आलेल्या सहकाऱ्याला मिळाली. निवडीबद्दल त्यांची तक्रार नाही, किंबहुना तो सहकारी कामाला चोख असल्याचे त्यांनीच आवर्जून सांगितले. आपल्यात काय कमी पडले हे कोणी समोर बसून सांगितले नाही, याचे त्यांना वाईट वाटले. हंगामात माल उशिरा उतरला की थांबावे लागणाऱ्या जादा तासांचे पैसे मिळाले, पण किती तास धरले ते पगारपत्रकात कळत नाही, असेही त्यांनी सांगितले. ही बाब राजीनाम्याचे कारण नसल्याचे त्यांनी स्पष्ट केले.

एक मुद्दा वेगळा ठेवावा लागेल. माल लवकर भरायचा असताना ब्लास्ट फ्रीझरमधील मालाचे तापमान उणे १८ अंशांवर येण्याआधीच तशी नोंद करण्यास पर्यवेक्षकांनी एकदा सांगितले व आपण नकार दिला, असे त्या म्हणाल्या. हे सारांशात यावे का, असे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा त्यांनी होकार दिला. याची पडताळणी झालेली नाही, पर्यवेक्षकांची बाजू ऐकलेली नाही. त्यामुळे हा आरोप म्हणूनच वाचावा आणि सोडण्याच्या कारणांत धरू नये. सविस्तर नोंद गुणवत्ता प्रमुखांकडे स्वतंत्र पाठवली आहे. दोन सहकाऱ्यांच्या खाजगी आयुष्याविषयीचा ओझरता उल्लेख कामाशी संबंधित नसल्याने वगळला आहे.

चांगलेही त्यांनी भरभरून सांगितले. पगार व भविष्यनिर्वाह निधी कधी चुकला नाही, प्रशिक्षणात शिकलेले पुढे उपयोगी पडेल आणि पॅकिंगमधल्या बायकांनी बाळंतपणानंतर सांभाळून घेतले, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता.

त्यांच्या सूचनांत सर्वाधिक भर वाहनावर होता. पावस रस्त्याच्या बाजूच्या आणखी काही महिला दुसऱ्या पाळीला आहेत. त्यांच्यासाठी मारुती मंदिरापासून पुढे एक लहान गाडी ठेवावी, किंवा त्या सर्वांना पहिल्या पाळीत आळीपाळीने तरी घ्यावे. पाळीपत्रक महिनाभर आधी लावावे, जादा तासांची चिठ्ठी त्याच आठवड्यात हातात द्यावी आणि बढती नाकारलेल्या प्रत्येकाशी विभागप्रमुखांनी बोलावे, असेही त्यांनी सुचवले.

यापुढचे मत माझे आहे. गाडीचा निर्णय १ ऑगस्टपूर्वी व्हावा, कारण बंदी उठताच दुसरी पाळी भरते आणि हीच अडचण इतर घरांतही उभी राहील. पाळीबदलाच्या अर्जाला सात दिवसांत लेखी उत्तर देण्याची जबाबदारी मनुष्यबळ विभागाने घ्यावी. फेब्रुवारीतला अर्ज आमच्याकडेच पडून होता.

मसुदा त्यांना वाचून दाखवला. ‘नाराज होऊन’ हे माझे शब्द त्यांनी काढायला लावले आणि ते काढले आहेत. सेवा पाच वर्षांहून अधिक असल्याने उपदानासह अंतिम हिशेब लेखा विभागाकडे दिला आहे. ध्वनिमुद्रण मनुष्यबळ विभागाबाहेर दिले जाणार नाही.

मनुष्यबळ अधिकारी