प्रभुत्व अध्ययन चक्र : भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज व वजाबाकी (इयत्ता सहावी)

हे नियोजन ३६ विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी असून त्याला ११ तासिका लागतील. चक्राच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज व वजाबाकी अचूक करावी, उत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहावे आणि छेद समान का करावे लागतात हे स्वतःच्या शब्दांत सांगावे, एवढी अपेक्षा आहे. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ साली मांडलेल्या विचारानुसार येथे प्रभुत्वाची पातळी सर्वांसाठी एकच ठेवली आहे. तेथे पोहोचण्यासाठी लागणारा वेळ आणि मिळणारी मदत मात्र विद्यार्थ्यागणिक बदलेल.

पहिल्या तीन तासिकांत सममूल्य अपूर्णांकांची उजळणी, लसावि काढून छेद समान करणे आणि त्यावरून बेरीज-वजाबाकी हा भाग संपूर्ण वर्गाला शिकवला जाईल. चौथ्या तासिकेत पहिली तपासणी चाचणी (अ संच) होईल. दहा प्रश्न, वीस मिनिटे, आणि प्रभुत्वासाठी किमान आठ उत्तरे बरोबर. त्यांपैकी सहा प्रश्न १/२ + १/३ किंवा ५/६ − १/४ अशा सरळ उदाहरणांचे, दोन शाब्दिक आणि दोन कारण सांगण्याचे असतील. या चाचणीचे गुण प्रगतिपत्रकात धरले जाणार नाहीत, हे विद्यार्थ्यांना चाचणीपूर्वीच स्पष्ट सांगावे. त्याशिवाय मुले चूक लपवतील आणि आपल्याला तर तीच पाहायची आहे.

उत्तरपत्रिका त्याच दिवशी तपासून गुणांपेक्षा चुकीच्या प्रकारानुसार वेगळ्या कराव्यात. जो विद्यार्थी १/२ + १/३ = २/५ असे लिहितो, त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे, म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच त्याच्या मनात अजून पक्के झालेले नाही. जो १/२ + १/३ = १/६ + १/६ = २/६ असे लिहितो, त्याला छेद समान करायचे हे ठाऊक आहे, पण अंशालाही त्याच संख्येने गुणायचे हे निसटले आहे. या दोघांना एकाच गटात बसवून एकच गोष्ट समजावणे म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवणे होय.

पाचव्या व सहाव्या तासिकेतील पुनर्अध्यापन पहिल्या अध्यापनाची पुनरावृत्ती असता कामा नये. फळ्यावरची तीच रीत अधिक सावकाश सांगितल्याने न समजलेले समजत नाही, असा माझा ठाम अनुभव आहे. पहिल्या गटाला सहा समान घरांची कागदी पट्टी द्यावी. निम्म्या पट्टीची तीन घरे आणि तिसऱ्या हिश्शाची दोन घरे रंगवल्यावर पाच घरे भरतात, हे विद्यार्थ्याने स्वतः मोजावे; मग शांतपणे विचारावे, “तुझे उत्तर २/५ आहे. ते अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?” अर्ध्यात काही मिळवूनही उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आले, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत थांबावे, ती दोन-तीन मिनिटांची शांतता शिक्षकाने भरून काढू नये. दुसऱ्या गटाला संख्यारेषेवर १/२ आणि १/६ या दोन्ही जागा दाखवायला सांगावे, म्हणजे छेद बदलताना संख्याच बदलली हे दिसेल.

ज्यांनी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर दिली, त्यांना या दोन तासिकांत पुढचा पाठ देऊ नये, तसेच त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणेही देऊ नयेत. लवकर समजल्याबद्दल जास्तीचे काम ही शिक्षाच ठरते. प्राचीन इजिप्तमध्ये बहुतेक अपूर्णांक अंश १ असलेल्या वेगवेगळ्या अपूर्णांकांच्या बेरजेने लिहीत, उदाहरणार्थ ३/४ = १/२ + १/४. याच पद्धतीने त्यांनी ५/६ आणि ४/५ लिहून पाहावेत. ४/५ साठी १/२ + १/४ + १/२० येथवर पोहोचायला बराच खटाटोप लागतो आणि त्यात लसाविचा भरपूर सराव आपोआप होतो. ज्यांना आवडेल त्यांनी १/२ − १/३, १/३ − १/४, १/४ − १/५ यांची उत्तरे काढून त्यांतला नियम शोधावा. सहाध्यायींना शिकवण्याचे काम ऐच्छिक असावे.

सातव्या तासिकेच्या प्रारंभी पुनर्अध्यापन गटाची ब संचाची चाचणी होईल. आराखडा व काठिण्य अ संचाचेच, संख्या मात्र वेगळ्या. येथे आठ गुण मिळवणाऱ्याची नोंदवहीत ‘प्रभुत्व प्राप्त’ अशीच नोंद होईल. पहिल्या की दुसऱ्या प्रयत्नात, असा भेद कोठेही लिहू नये.

त्यानंतर आठव्या तासिकेअखेर पूर्णांकयुक्त अपूर्णांक शिकवून नवव्या तासिकेत दुसरी तपासणी चाचणी, दहाव्यात पुनर्अध्यापन व समृद्धी उपक्रम आणि अकराव्यात ब संच, असा क्रम राहील. येथे ३ १/४ − १ ३/४ चे उत्तर २ २/४ लिहिणारे विद्यार्थी आढळतील. ते मोठ्या अंशातून लहान अंश वजा करतात, म्हणून त्यांना तीनपैकी एक पूर्ण कागद चार भागांत फाडायला लावावा. ब संचानंतरही आठच्या खाली राहणाऱ्यांना वर्गासोबत पुढे नेले जाईल, परंतु पुढील दोन आठवडे रोज दहा मिनिटे शिक्षकाने त्यांच्याजवळ बसून एकेक उदाहरण त्यांच्या तोंडून सोडवून घ्यावे आणि त्यानंतर तिसरा संच द्यावा.