फोटोत नसलेल्या रिक्षावाल्या दादांना

फोटोत दिसतेय ती कोकम सरबताची रिकामी बाटली. रिक्षा नाही, नंबर नाही, माणूस तर नाहीच. त्यांनी स्वच्छ नको म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे गाव विचारू नका. कणकवली ते सावंतवाडीच्या मधलं एक स्टेशन, गणपतीच्या आदल्या आठवड्यातली रात्र आणि मुसळधार पाऊस, एवढं पुरे.

दादा, तुम्ही हे वाचाल की नाही ठाऊक नाही. त्या रात्री आभार मानायचेच राहिले, म्हणून इथे लिहितेय.

गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेला उशीर होतो हे आम्हा चाकरमान्यांना नवीन नाही. बहुतेक मार्ग अजून एकेरी, त्यात जादा गाड्या, त्यात पावसाळ्यात वेग कमी. म्हणजे क्रॉसिंगला एकदा गाडी थांबली की समोरची कधी येईल ते गणपतीलाच माहीत. बाबांनी संध्याकाळची शुगरची गोळी वेळेवर घेतली, कारण ते घड्याळ बघून जगणारे गृहस्थ. डबा मात्र दोन घास खाऊन झाकून ठेवला, 'आता घरीच जेवू' म्हणून. घर आणखी चार तास लांब आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

स्टेशनबाहेर ही झुंबड. आमच्याकडे मीटरचा प्रश्नच नसतो, भाडं ठरवायचं आणि बसायचं. तुम्ही साडेतीनशे म्हणालात, मी हो म्हटलं. (या मोसमात वाट्टेल ते भाडं सांगणारेही भेटतात, मी त्यांना मनातल्या मनात शिव्याही घातल्यात. तेही खरं आणि तुम्हीही खरे.)

बाबा काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, दमलेत. त्यांनी दोनदा विचारलं, "दादर गेलं का?" मी हसले, म्हटलं झोपेत आहेत. तुम्ही हसला नाहीत. आरशात बघितलंत, रिक्षा हळू केलीत आणि मागे वळून विचारलंत, "ताई, बाबांका शुगर आसा काय? घाम बघा कसो सुटलोहा."

हात लावला तर शर्ट ओलाचिंब, आणि तो पावसाचा नव्हता. बोटं थरथरत होती. माझ्या पर्समध्ये पाणी, पॉवर बँक, तिकिटं, सगळं होतं. गोड म्हणावं असं काही नव्हतं.

रस्त्याकडेच्या एका घरात दिवा जळत होता. पडवीत माणसं माटवी बांधायच्या गडबडीत, सुपाऱ्यांचे घड, कवंडाळं, आंब्याचे टाळ सगळे जमिनीवर पसरलेले. ते घर तुमच्या ओळखीचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तुम्ही पावसातच खाली उतरलात आणि हाक मारलीत, "वयनी, वायच साखर हाडा, पेशंट आसा!" वहिनींनी धावत फुलपात्रात कोकमचं आगळ घोळून आणलं. पाहुणा आला की हात तिकडेच जातो आपला. तुम्ही फुलपात्र ओठांपर्यंत जाऊ दिलं नाहीत. "आगळ नको, साखरेचा सरबत होया." रंग तोच, पण आगळात मीठ असतं, साखर नसते, आणि त्या क्षणी बाबांना साखरच हवी होती. मी त्याच लाल रंगाकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मग आतून ही बाटली आली.

आणि कसं पाजलंत! आधी मला विचारलंत, "गिळतत ना?" बाबांना ताठ बसवलंत, एक हात पाठीला, आणि "घोट घोट घेवा, घाय नको." बाबा चिडले, हात झटकला, अर्धं सरबत तुमच्या खाकी शर्टावर. शुगर उतरली की शांत माणूसही असा भांडतो, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तुम्हाला ते आधीच माहीत असावं. तुम्ही शर्टाकडे बघितलंही नाहीत, पुन्हा घोट पुढे केलात. कुठे शिकलात, घरात कुणाला हा त्रास आहे का, विचारायचं राहून गेलं. कदाचित बरंच झालं, नाहीतर तेही इथे लिहिलं असतं.

तुमचा फोन तेवढ्यात तीनदा वाजला. पुढची गाडी लागत होती, स्टँडवरून बोलावणं होतं. वर्षातले कमाईचे हेच चार दिवस, एका गाडीमागे दोन-तीन फेऱ्या सहज. तुम्ही एवढंच म्हणालात, "दुसरी गाडी बघ, माका येळ लागतलो." आणि पडवीच्या पायरीवर बसून राहिलात. पंधरा-वीस मिनिटांनी बाबांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "ही माटवी कुणाची?" तेव्हा कुठे मला रडू आलं. वहिनींनी चतकोर भाकरी आणि चहा पुढे केला, कारण नुसत्या साखरेवर गाडी फार वेळ चालत नाही, पोटात काहीतरी जायला हवं. हेही तुम्हीच सुचवलंत.

घरी पोचल्यावर मी हजार रुपये पुढे केले. तुम्ही खिशातून ओल्या नोटा मोजून साडेसहाशे परत दिलेत. मी म्हटलं, एवढा वेळ थांबलात. "थांबलंय त्येचे कसले पैशे?" भाडं मात्र पूर्ण घेतलंत, तेही बरं वाटलं. फुकट नेलं असतंत तर माझ्या मानेवर ओझं राहिलं असतं.

मग मी मोबाइल काढला. रिक्षासमोर उभे राहा, म्हटलं. तुम्ही हात आडवा केलात. "फोटो-बिटो नको ताई. घरातली बघीत नि म्हणात, जगाक पावतास, आणि माका सांगितलेले नारळ खंय आसत?" नारळ खरंच राहिले होते, मागच्या सीटखाली रिकामी पिशवी मी बघितली होती. रात्री साडेअकराला कुठलं दुकान उघडं असणार? आमच्या आईने परसातले पाच नारळ त्या पिशवीत भरले, आणि त्याला मात्र तुम्ही नाही म्हणाला नाहीत. घरी काय सांगितलंत देव जाणे.

बाबा आता छान आहेत. डॉक्टरांनी गोळी जेवणाच्या वेळेशी बांधून दिलीय, गाडी लेट झाली तर काय करायचं तेही समजावलंय. शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते आणि ती आहे की नाही हे ते दर तासाला चाचपतात, आम्हाला वैताग येईपर्यंत. सरबत अजून मागतात, पण ते आता मिळत नाही. 😄

त्या घरातल्या वहिनींना भेटून आले, नवी बाटली आणि मोदक घेऊन. तुमचा पत्ता मी शोधलेला नाही, शोधणारही नाही. स्टँडवर विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, पण मग गावभर झालं असतं, आणि तुम्हाला ते नको होतं.

वाचणाऱ्यांनो, कुणाला अंदाज आलाच तर कमेंटमध्ये नाव, गाव, नंबर टाकू नका, कुणाला टॅग करू नका. टाकलंत तर मी कमेंट काढून टाकेन, राग मानू नका. आणि आईवडिलांना शुगर असेल, तर गणपतीच्या गाडीत चढण्याआधी त्यांच्या खिशात काहीतरी गोड आहे ना ते बघा.

दादा, खूप खूप आभार. खाकी शर्टावरचा कोकमचा डाग निघाला नसेल तर वहिनींना माझं नाव सांगा.

#कोकण #गणपतीचीगाडी #रिक्षावालेदादा #आभार