सूचना: फ्लॅट क्रमांकांची नवी पद्धत (१ एप्रिल २०२६ पासून)

दि. १५ मार्च २०२६

सर्व सभासद आणि भाडेकरूंसाठी,

व्यवस्थापक समितीच्या ८ मार्चच्या सभेतील ठरावानुसार एप्रिलच्या देखभाल बिलापासून तिन्ही विंगमधील फ्लॅटना एकाच पद्धतीचे क्रमांक लागू होत आहेत. क्रमांकात पाच खुणा असतील: आधी विंगचे अक्षर, मग मजल्याचे दोन अंक, शेवटी दाराचे दोन अंक. बी विंग, सातवा मजला, चौथे दार म्हणजे B0704. तळमजल्यासाठी 00.

बदल का, ते हिशेबाच्या वहीत स्पष्ट दिसते. ए विंगचे क्रमांक १ ते २८ असे सलग आहेत, बी विंगचे १०१ पासून १२०६ पर्यंत, आणि सी विंगमध्ये मजल्यापुढे दाराचा आकडा शून्याशिवाय जोडलेला आहे. त्यामुळे नुसते '११' लिहून पैसे आले, तर ते ए विंगचे असतील किंवा सी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या पहिल्या दाराचे. '१०१' बी विंगमध्येही आहे आणि सी विंगमध्येही. सी विंगमधल्या '१११'ची गत सर्वांत वाईट: पहिल्या मजल्याचे अकरावे दार आणि अकराव्या मजल्याचे पहिले दार, दोन्ही तेच. '११२'चेही तसेच. भाडेकरूने किंवा नातेवाईकाने स्वतःच्या खात्यातून भरलेल्या रकमेवर सभासदाचे नावही नसते. अशी रक्कम सस्पेन्स खात्यात पडून राहते, भरणाऱ्याच्या बिलात थकबाकी दिसते, त्यावर व्याज चढते, आणि वेळेवर पैसे भरलेल्या माणसाला कार्यालयात खेटे घालावे लागतात. हे थांबलेच पाहिजे. रात्री रुग्णवाहिका आली, तर मजला शोधण्यातही वेळ जायला नको.

जुन्यावरून नवा क्रमांक असा काढा.

बी विंग: फक्त आधी B आणि गरजेप्रमाणे शून्य. ७०४ चा B0704, १२०६ चा B1206.

सी विंग: मजला आणि दार वेगळे करून दोन्ही दोन-दोन अंकांत लिहा. पाचव्या मजल्यावरील ५८ चा C0508. '१११' आणि '११२' असलेली चार घरे मात्र अनुक्रमे C0111, C1101, C0112 आणि C1102 होतील. तळमजल्याची दोन घरे C0001 आणि C0002.

ए विंग: इथे आकडा पूर्ण बदलतो, म्हणून जरा सावकाश पाहा. खाली पार्किंग आहे आणि पहिल्या मजल्यापासून प्रत्येक मजल्यावर चार घरे. १ ते ४ पहिला मजला, ५ ते ८ दुसरा, याप्रमाणे. जुना ११ हा तिसऱ्या मजल्यावरचा तिसरा, म्हणजे A0303. जुना १७ म्हणजे A0501. संपूर्ण तक्ता प्रत्येक लिफ्टशेजारच्या फलकावर लावला आहे.

बँकेतून किंवा यूपीआयने भरताना शेरा असा लिहा:

```
C1101 APR26
```

क्रमांक आधीच हवा, कारण लांब शेऱ्याची शेपटी स्टेटमेंटमध्ये कापली जाते. मध्ये डॅश किंवा तिरकी रेघ नको. काही बँका अशी चिन्हे गाळतात. मधले शून्य सोडू नका: C111 लिहिलेत, की पुन्हा जुनाच घोळ. शून्याच्या जागी इंग्रजी O अक्षरही नको, नाहीतर शोधताना नोंद सापडत नाही. दोन फ्लॅट जोडून घेतलेल्यांनी दोन्ही क्रमांक वापरावेत आणि रक्कम दोनदा वेगवेगळी भरावी. बिलेही दोनच निघतील.

ज्यांनी दरमहा आपोआप पैसे जाण्याची सूचना बँकेला दिली आहे, त्यांनी ती ३१ मार्चपूर्वी उघडून शेरा बदलावा. काही बँकांत चालू सूचनेचा शेरा बदलता येत नाही. तिथे जुनी रद्द करून नवी द्यावी लागेल. जुनी खरोखर रद्द झाली का ते तपासा, नाहीतर पैसे दोनदा जातील. धनादेशाच्या मागे क्रमांक, नाव आणि मोबाइल लिहा. हाताने काढलेला B अनेकदा 8 सारखा दिसतो, तो ठळक काढा.

भाग प्रमाणपत्र, खरेदीखत, इंडेक्स टू, महापालिकेची करआकारणी आणि वीजबिल यांवरचा जुना क्रमांक तसाच राहील. तो बदलायला धावपळ करू नका. कर्ज, विक्री किंवा पासपोर्टसाठी दोन्ही क्रमांक एकाच घराचे असल्याचे पत्र लागले, तर लेखी अर्ज द्या. पत्र विनाशुल्क मिळेल. गॅस, दूध, वर्तमानपत्र आणि घरपोच सामानाच्या अ‍ॅपमधील पत्ता मात्र बदलून घ्या.

दाराच्या चौकटीवर नव्या क्रमांकाची पट्टी २३ ते २९ मार्चदरम्यान संस्थेच्या खर्चाने बसवली जाईल. दारावरची तुमची नावाची पाटी हलवली जाणार नाही. घर बंद असेल, तरी पट्टी बाहेरूनच बसते.

एप्रिल, मे आणि जूनच्या बिलांवर दोन्ही क्रमांक छापले जातील. जुलैपासून फक्त नवा. बिलावरचा क्रमांक तक्त्याशी जुळत नसेल, तर १५ एप्रिलपूर्वी कार्यालयात सायंकाळी ६ ते ८ या वेळेत जुने बिल घेऊन यावे. मार्चपर्यंत भरलेली एखादी रक्कम खात्यात दिसत नसल्यास बँकेच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांकही सोबत आणावा, म्हणजे सस्पेन्समधली नोंद तिथेच तुमच्या नावावर वळती करता येईल.

खजिनदार
व्यवस्थापक समितीकरिता