आग लागली तर बाहेर कसं पडायचं: आपल्या बिल्डिंगचा प्लॅन आणि भिंतीवरच्या पाट्या (सगळ्यांनी पूर्ण वाचा)

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात मीटर रूममध्ये वायर जळून धूर झाला तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, आग लहान होती, वॉचमन मामांनी लगेच मेन बंद केला म्हणून निभावलं, पण त्या दहा मिनिटांत निम्मी बिल्डिंग लिफ्टसमोर बटण दाबत उभी होती आणि मीपण त्यातच होतो. बाराव्या मजल्यावरच्या आजींना घ्यायला कोण गेलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून कमिटीनं प्रत्येक मजल्यावर नवीन पाट्या आणि नकाशे लावून घेतलेत, त्या कशा वाचायच्या ते सांगतो.

लिफ्टच्या शेजारी जो नकाशा लावलाय त्यात लाल ठिपका आहे, 'तुम्ही इथे आहात', आणि तिथून हिरवी रेघ जिन्याकडं जाते. आपल्याकडं जिने दोन आहेत हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही, मागचा जिना कुणी वापरतच नाही. ०१ आणि ०२ नंबरच्या फ्लॅटवाल्यांना लिफ्टजवळचा जिना जवळ, ०३ आणि ०४ वाल्यांना मागचा. पण दोन्ही जिने पायाखालचे पाहिजेत, एकात धूर भरला तर दुसरा लागणार. आज संध्याकाळी पोरांना घेऊन मागच्या जिन्यानं एकदा खाली उतरून बघा, किती मिनिटं लागतात तेपण बघा.

रंग लक्षात ठेवले की पाट्या सोप्या आहेत. हिरवी पाटी, पळणारा माणूस आणि दार, म्हणजे बाहेर पडायची वाट. लाल पाटी म्हणजे आग विझवायचं सामान, सिलिंडर, होज रील, आणि अलार्मचा काचेचा डबा. बाणाचा मात्र गोंधळ होतो. पॅसेजमध्ये हिरव्या पाटीवर बाण वर दाखवतोय, त्याचा अर्थ वरच्या मजल्यावर जा असा होत नाही, सरळ पुढं चालत जा असा होतो. जिन्याच्या दारापाशी तिरका खाली बाण आहे, तिथून उतरायचं. काही पाट्या मुद्दाम गुडघ्याच्या उंचीवर लावल्यात, धूर आधी छताला भरतो आणि वरच्या पाट्या पहिल्यांदा दिसायच्या बंद होतात, खाली वाकून चालणाऱ्याला ह्याच दिसतात. त्या अंधारात चमकतात पण त्यासाठी त्यांच्यावर आधी उजेड पडायला लागतो, म्हणून त्यांच्यासमोर शू रॅक ठेवू नका आणि वर स्टिकर चिकटवू नका.

आता जिन्याची दारं. ह्याच्यावर जरा जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त चूक इथंच होते. ही दारं जड आहेत, आपोआप मिटतात, म्हणून कुणीतरी विटा लावून उघडी ठेवतंय, हवा येते म्हणून. ते दार मिटलेलं असेल तर धूर पॅसेजमध्येच अडतो आणि जिना उतरण्यासारखा राहतो. उघडं राहिलं तर जिन्याची चिमणी होते, गरम धूर झपाट्यानं वर चढतो आणि आग दुसऱ्या मजल्यावर असली तरी गुदमरणार चौदाव्यावरचा माणूस. आगीत माणसं जास्त करून धुरानंच जातात. त्यामुळं वीट दिसली की काढा, कुणी ठेवली विचारत बसू नका.

अलार्म वाजला तर काय करायचं: गॅस बंद, चप्पल, मोबाईल, किल्ली, घरातली सगळी माणसं, बस्स. दागिने, कागदपत्रं काही शोधायचं नाही. मेन दार उघडायच्या आधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघा. गार असेल तर हळू उघडा, बाहेर पडा, दार मागं ओढून घ्या, आणि जिन्याच्या एका बाजूनं उतरा, दुसरी बाजू वर येणाऱ्या फायर ब्रिगेडच्या माणसांसाठी मोकळी. लिफ्ट अजिबात नाही. वीज गेली की ती मध्येच अडकते आणि तिच्या शाफ्टमध्ये धूर भरतो. टेरेसवरपण जाऊ नका, वर गेलं की सुटका नाही.

दार गरम असेल किंवा पॅसेज धुरानं भरलेला असेल तर बाहेर पडायचा हट्ट करू नका. घरातच थांबा, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, बाल्कनीत या, आणि १०१ ला फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. १०१ लागला नाही तर ११२. आपण अडकलोय हे खालच्यांना कळायला हवं, रंगीत चादर हलवा, रात्री मोबाईलचा टॉर्च दाखवा.

आठव्या आणि तेराव्या मजल्यावर जी मोकळी जागा आहे ती रेफ्युज एरिया. ज्यांना खालपर्यंत उतरणं जमत नाही त्यांनी तिथं थांबायचं, ब्रिगेडवाले आधी तिथंच बघतात. तेराव्यावर सध्या जुना सोफा, दोन सायकली आणि कुणाचातरी कूलर पडलाय. शनिवारपर्यंत ज्याचं त्यानं उचला, नाहीतर सोसायटी उचलणार आणि मग वाद नको.

एक विनंती गाडीवाल्यांना. गेटपासून बिल्डिंगपर्यंतचा रस्ता पिवळ्या पट्ट्यांनी आखलाय तो बंबासाठी आहे, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी नाही. 'पाच मिनिटात काढतो' म्हणत रात्रभर गाडी तिथंच असते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपल्यातले कितीजण रस्त्यावर उभे राहून रडलेत, एवढी मोठी वास्तू बघता बघता गेली. बंब दारात येऊन गाडीपायी अडला असं आपल्याकडं कधी होऊ नये.

सिलिंडरला हात लावायचा असेल तर पिन काढा, नळी ज्वाळांच्या बुडाकडं धरा, दांडा दाबा आणि डावी-उजवी फिरवा, पण तुमच्या मागं बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच. वायरच्या आगीवर पाणी मारू नका. आग कचऱ्याच्या डब्यापेक्षा मोठी झाली असेल तर ते सोडा, अलार्मची काच फोडा आणि उतरा.

खाली आल्यावर सगळ्यांनी गेटबाहेरच्या लिंबाच्या झाडापाशी जमायचं, तिथंपण हिरवी पाटी आहे, चार बाण मध्यभागी येतात ती. ट्रान्सफॉर्मरजवळ थांबू नका. प्रत्येक मजल्याचा एकेक माणूस ठरवलाय, तो नावं मोजेल, मोजून होईपर्यंत कुणी परस्पर पाहुण्यांकडं जाऊ नका, नाहीतर तुम्हाला शोधायला कुणीतरी परत आत जाईल.

आपल्या पंप, अलार्म, होज ह्यांची तपासणी लायसन्स असलेल्या एजन्सीकडून करून बी फॉर्म दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायला लागतो, २००६ च्या राज्याच्या कायद्यानं, ते कमिटी करते. पाट्या वाचणं आणि जिना उतरून बघणं तुमच्याकडं.

येत्या रविवारी सकाळी ९ ला मॉक ड्रिल आहे. हूटर वाजेल, घाबरू नका पण खरंच उतरा, मिसळ आणायला त्यानंतर जा. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं, गरोदर बाई, प्लास्टरमधला पाय किंवा पाळण्यातलं बाळ आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत वॉचमन मामांच्या वहीत फ्लॅट नंबर लिहा, प्रत्येकासाठी शेजारचे दोघं ठरवायचेत. बाराव्यावरच्या आजींसाठी मी आणि १२०३ मधला मुलगा, हे लिहून टाकलंय.

— सेक्रेटरी, फ्लॅट ६०२