इतिहास सराव संच ७ : घटनांचा कालानुक्रम

पाच प्रश्न, वेळ दहा मिनिटं. प्रत्येक प्रश्नाखाली स्पष्टीकरण दिलंय, पण आधी ते झाकून ठेवा. सनावळी आठवत नाही म्हणून प्रश्न सोडून देऊ नका. दोनच घटना घ्या आणि स्वतःला विचारा : ही घडली नसती तर ती घडली असती का? उत्तर 'नाही' आलं की पेन्सिलीने दोघींमध्ये बाण काढा आणि त्या बाणाच्या उलट जाणारा प्रत्येक पर्याय खोडा.

प्रश्न १. योग्य क्रम लावा.
अ) पुरंदरचा तह
ब) लाल महालावरील छापा
क) आग्र्याहून सुटका
ड) कोंढाणा पुन्हा स्वराज्यात

१) अ-ब-क-ड  २) ब-अ-क-ड  ३) ब-अ-ड-क  ४) ब-क-अ-ड

*उत्तर : २.* शाहिस्तेखानाची फजिती झाली, सुरत लुटली गेली, म्हणून औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंगाला धाडलं. त्यामुळे ब आधी, अ नंतर. पर्याय १ गेला. आग्र्याची भेट जयसिंगाच्याच मध्यस्थीने ठरली, म्हणजे तहानंतरची, ४ गेला. कोंढाणा तहात दिलेल्या २३ किल्ल्यांपैकी होता. महाराज आग्र्याहून परतल्यावर काही वर्षं शांत राहिले आणि १६७० मध्ये किल्ले परत घ्यायला लागले. तानाजी मालुसरे पडले ते तेव्हा. ३ गेला.

प्रश्न २. योग्य क्रम लावा.
अ) वसईचा तह
ब) असईची लढाई
क) सवाई माधवरावांचा मृत्यू
ड) खर्ड्याची लढाई
इ) नाना फडणवीसांचा मृत्यू

१) क-ड-इ-अ-ब  २) ड-क-अ-इ-ब  ३) ड-क-इ-अ-ब  ४) ड-इ-क-अ-ब

*उत्तर : ३.* मागच्या चाचणीत याच काळावर सगळ्यात जास्त गुण गेले, म्हणून इथे जरा थांबू.

आधी एक सापळा. 'वसई' दिसली की हात चिमाजी अप्पांकडे जातो. ती वसईची मोहीम, १७३९ ची. इथे विचारलाय तो तह, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला. दोन्हींत ६३ वर्षांचं अंतर आहे. प्रश्नातला 'तह' हा शब्द अधोरेखित केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता बाण काढू. दुसरा बाजीराव गादीवर आला कारण सवाई माधवरावांना वारस नव्हता. म्हणजे क आधी, अ नंतर. चारही पर्यायांत हे बरोबरच आहे, त्यामुळे या बाणाने काही खोडलं जात नाही. असं होतं, घाबरू नका, दुसरी जोडी घ्या.

खर्ड्याला निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले एका पेशव्याच्या झेंड्याखाली जमले. तो पेशवा म्हणजे सवाई माधवराव. मग ते खर्ड्याआधी कसे जातील? पर्याय १ खोडा. दोन्ही घटना १७९५ च्याच आहेत, लढाई मार्चमधली आणि मृत्यू ऑक्टोबरमधला. नुसतं साल पाठ केलेला विद्यार्थी इथे अडतो. कोण कोणाच्या बाजूने उभं होतं हे माहीत असलेला अडत नाही.

सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले, वय अवघं २१. त्यानंतर गादीवर कोणाला बसवायचं यावरून पुण्यात जे डाव टाकले गेले, त्यात नाना मध्यभागी होते. म्हणजे नाना तेव्हा हयात होते, ४ खोडा.

राहिले २ आणि ३. फरक एकच : नाना गेले ते वसईच्या तहाआधी की नंतर? १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांच्या अटींवर सही करून बसला. त्याला आवरणारं वजनदार माणूस पुण्यात उरलं नव्हतं. नानांना जाऊन अडीच वर्षांवर होऊन गेली होती (मार्च १८००). २ खोडा. असई तर तहाचंच फळ : शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना तह मान्य नव्हता, म्हणून १८०३ ची लढाई.

प्रश्न ३. योग्य क्रम लावा.
अ) 'सुधारक' पत्र सुरू
ब) फर्ग्युसन कॉलेजची स्थापना
क) 'केसरी' सुरू
ड) टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात
इ) न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना

१) क-इ-ड-ब-अ  २) इ-ड-क-ब-अ  ३) इ-क-ड-अ-ब  ४) इ-क-ड-ब-अ

*उत्तर : ४.* तुरुंगवास झाला तो कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध पत्रांत छापलेल्या मजकुरावरून. पत्रच नसेल तर खटला कशावर? २ गेला. शाळा आधी निघाली (१८८०), पत्रं त्याच मंडळींनी वर्षभरात काढली, १ गेला. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक होते. समाजसुधारणेवरून टिळकांशी पटेना, ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढलं. फर्ग्युसन १८८५ चं, दोघं अजून एकाच संस्थेत होते तेव्हाचं. ३ गेला. मैत्री आधी, फूट नंतर, एवढं धरलं तरी या प्रश्नाला पुरतं.

प्रश्न ४. योग्य क्रम लावा.
अ) येवल्याची धर्मांतराची घोषणा
ब) चवदार तळ्याचा सत्याग्रह
क) पुणे करार
ड) मनुस्मृतीचं दहन
इ) काळाराम मंदिर सत्याग्रहाचा आरंभ

१) ड-ब-इ-क-अ  २) ब-ड-इ-क-अ  ३) ब-ड-क-इ-अ  ४) ब-इ-ड-क-अ

*उत्तर : २.* चारही पर्याय 'अ'वर संपतात. प्रश्न काढणाऱ्याने शेवटचं स्थान फुकट दिलंय, त्यावर एक सेकंदही घालवू नका. तळं आणि दहन, दोन्ही महाडचं, दोन्ही १९२७ चं : मार्चमध्ये बाबासाहेब तळ्याचं पाणी प्यायले, डिसेंबरमध्ये तिथेच दुसरी परिषद भरली आणि दहन झालं. दोन महाडांच्या मध्ये नाशिक येत नाही. १ आणि ४ गेले. काळाराम सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी. पुणे करार पहिल्या दोन गोलमेज परिषदांनंतरचा, आणि पहिली गोलमेज भरली तीच दांडीनंतर. ३ गेला.

प्रश्न ५. इथे पर्याय नाहीत. चारही घटना स्वतः लावा.
अ) गोव्यातील जनमत कौल
ब) महाराष्ट्र राज्याची स्थापना
क) गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा शेवट
ड) द्विभाषिक मुंबई राज्य

*उत्तर : ड-ब-क-अ.* कौलात गोवेकरांना विचारलं होतं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. त्यासाठी महाराष्ट्र हवा आणि गोवा मोकळा हवा. म्हणून ब आणि क दोन्ही अ-च्या आधी. द्विभाषिक मोडूनच महाराष्ट्र झाला, म्हणून ड आधी, ब नंतर. पण ब आणि क यांच्यात कारण-परिणामाचा धागा नाही. इथे कितीही डोकं लावलं तरी बाण निघणार नाही, तारखाच माहीत हव्यात : १ मे १९६० आणि १९ डिसेंबर १९६१. वहीच्या शेवटच्या पानावर अशाच जोड्या लिहा, ज्यांना एकमेकींचा आधार नाही. पाठ करायच्या त्या तेवढ्याच. या संचातली पहिली जोडी हीच लिहा. दुसरी पुढच्या रविवारी तुम्ही शोधून आणायची आहे.