प्रशस्तिपत्र : सुनंदाताई, औषध भांडार

प्रिय सुनंदाताई,

मार्चअखेरच्या स्टॉक तपासणीत तुमच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवरच्या पेन्सिलीतल्या नोंदी वाचायला मिळाल्या. भांडारात तुम्ही काय बदललंत आणि का, हे तिथं तारखांसह लिहिलेलं आहे. यातलं बरंचसं रुग्णालयात कुणाला माहीतच नव्हतं. म्हणून हे पत्र आज मासिक बैठकीत सगळ्यांसमोर वाचतो आहे.

पहिली नोंद पोटॅशियम क्लोराइडची. त्याची १० मिलीची अँप्युल आणि इंजेक्शनच्या पाण्याची १० मिलीची अँप्युल रात्रपाळीच्या घाईत सहज एकसारख्या वाटतात. हे औषध पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. तुम्ही वॉर्डांच्या ट्रेमधल्या सगळ्या अँप्युल परत मागवल्यात, वेगळ्या कपाटात कुलपात ठेवल्यात, खोक्याला लाल पट्टी लावलीत आणि रुग्णाच्या नावाची चिठ्ठी आल्याशिवाय एकही द्यायची नाही असा शिरस्ता पाडलात. तेव्हा माझ्याकडे तक्रारी आल्या होत्या, की ताई फार अडवतात. इथं बसलेल्या सिस्टर्सना सांगतो, त्या अडवण्यानं रुग्णांना जपलं आणि तुम्हालाही जपलं.

दुसरी नोंद लसींच्या फ्रिजची, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. लस गरम होऊ नये याची काळजी सगळे घेतात. पण हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस गोठली तरी निकामी होते. बाटलीवरचा रंग बदलणारा ठिपका उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. अशी लस टोचली तर बाळाला संरक्षण मिळणार नाही आणि आईला ते कधी कळणारही नाही. वीज परत आल्यावर पारा २ अंशांखाली जातो, हे तुम्ही सकाळ-संध्याकाळच्या नोंदींवरून ओळखलंत. खोकी बर्फाच्या भिंतीपासून दूर घेतलीत, थर्मोस्टॅटची खुंटी चिकटपट्टीनं पक्की केलीत आणि स्टॅबिलायझरसाठी माझ्या मागे लागलात. तेव्हापासूनच्या सगळ्या नोंदी २ ते ८ अंशांच्या आतच आहेत.

मुदत आधी संपणारा माल पुढे मांडण्याची तुमची पद्धत तर आता सगळ्या वॉर्डांनी उचलली आहे.

अपघात झाला की आपण चौकशी समिती नेमतो. न झालेल्या अपघाताची फाइल कुणी उघडत नाही. निदान ही एक फाइल आज उघडतो आहे.

पोटॅशियम आणि लसींबाबतची तुमची कार्यपद्धती आजपासून रुग्णालयाचा लेखी नियम आहे. औषध समितीवर तुमची नेमणूक केली आहे आणि एक जादा वेतनवाढ विश्वस्तांनी मंजूर केली आहे. नोंदींमध्ये तुम्ही दोनदा मागितलेला मदतनीस १ एप्रिलपासून भांडारात रुजू होईल. त्याला तयार करण्याचं काम तुमच्याकडेच आहे, आणि तेवढे दिवस गुरुवारचा माल दुपारनंतर उतरवायला पुरवठादारांना कळवलं आहे.

मनापासून आभार.

आपला,
वैद्यकीय अधीक्षक